वाढीव वीजबिलाची तक्रार : पत्रातले गणित

वीजबिल अचानक दुप्पट-तिप्पट झाले की बहुतेक तक्रारपत्रांत एकच वाक्य असते: ‘आमचा वापर इतका नाही, बिल कमी करून द्यावे.’ अशा पत्राला ‘रीडिंगप्रमाणे बिल बरोबर आहे’ एवढे उत्तर पुरते, कारण रीडिंग अनेकदा खरोखरच बरोबर असते. चूक असते ती त्या रीडिंगच्या आकारणीत, आणि ती दाखवायला कागदावर हिशेब मांडावा लागतो.

महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. महावितरणच्या बिलात महिन्याचे पहिले 100 युनिट सर्वांत स्वस्त, 101 ते 300 त्याहून महाग, 301 ते 500 आणखी महाग आणि त्यापुढचे सर्वांत महाग असतात. घर बंद असल्याने किंवा अन्य कारणाने रीडिंग झाले नाही, तर त्या महिन्याचे बिल सरासरीने येते. पुढे प्रत्यक्ष रीडिंग झाले की साचलेले सगळे युनिट एकाच बिलात उतरतात. ते जितक्या महिन्यांचे असतील तितक्या महिन्यांत विभागून टप्पे लावायचे असतात. तसे न झाल्यास स्वस्त टप्प्यात बसणारे युनिट महाग टप्प्यात जातात. 2020 च्या टाळेबंदीत मीटर रीडिंग थांबले होते. त्यानंतर जूनमध्ये आलेल्या बिलांवरून राज्यभर ओरड झाली, तेव्हा वादाचा एक मुद्दा हाच होता.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. 5 मार्चचे रीडिंग 14260. एप्रिल आणि मे महिन्यांत घर बंद आढळल्याने प्रत्येकी 110 युनिटांचे सरासरी बिल आले आणि ग्राहकाने ते भरले. 5 जूनचे प्रत्यक्ष रीडिंग 14880. म्हणजे 92 दिवसांत 620 युनिट, दिवसाला पावणेसातच्या आसपास. उन्हाळ्यात पंखे, कूलर, फ्रीज असलेल्या घराला हा आकडा अशक्य नाही. तेव्हा मीटर सदोष असल्याचा आरोप पत्रात न केलेलाच बरा.

दर बदलत असतात, म्हणून हिशेबापुरते टप्प्यांचे दर 5, 10, 14 आणि 16 रुपये धरू. जूनच्या बिलात सर्व 620 युनिट एकाच महिन्याचे मानले, तर वीज आकार 500 + 2000 + 2800 + 1920, म्हणजे 7220 रुपये होतो. तीन महिन्यांत विभागल्यास पहिल्या टप्प्यात 300 युनिट बसतात आणि उरलेले 320 दुसऱ्या टप्प्यात. आकार होतो 1500 + 3200 = 4700 रुपये. सरासरी बिलांत भरलेला प्रत्येकी 600 रुपयांचा वीज आकार दोन्हीकडून सारखाच वजा होतो, म्हणून फरक 2520 रुपयांचा राहतो. त्यावर 16 टक्के विद्युत शुल्क 403.20 रुपये. एकूण जादा आकारणी 2923.20 रुपये. आधी भरलेली रक्कम वजाच झालेली नसेल, तर तो वेगळा मुद्दा म्हणून लिहावा. दोन्ही चुका एकत्र केल्या की हिशेब तपासणारा गोंधळतो.

पत्र उपविभागीय कार्यालयाच्या अभियंत्याच्या नावे असते. वरच्या बाजूला ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक आणि बिलाचा महिना, मग दोन्ही रीडिंग तारखांसह, त्याखाली हिशेब. मागणी नेमकी असावी: ‘दि. 5 मार्च ते 5 जून या कालावधीतील 620 युनिट तीन महिन्यांत विभागून टप्पानिहाय लाभ द्यावा, भरलेली सरासरी बिले वजा करावीत आणि सुधारित बिल द्यावे.’ सोबत तिन्ही बिलांच्या प्रती, भरणा पावत्या आणि मीटरचा ताजा फोटो जोडावा. फोटोत मात्र kWh हे अक्षर दिसले पाहिजे. इलेक्ट्रॉनिक मीटरचा पडदा तारीख, व्होल्टेज, कमाल मागणी असे आकडे आळीपाळीने दाखवतो आणि भलताच आकडा रीडिंग म्हणून लिहिला जातो. जुन्या नोंदींसाठी ‘सीपीएल’, म्हणजे ग्राहकाच्या खात्याचा महिनावार उतारा मागता येतो. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा.

हिशेब करूनही युनिटच अशक्य वाटत असतील, तर मीटर तपासणीची मागणी योग्य ठरते. त्याआधी घरातला मेन स्विच बंद करून मीटरवरचा लुकलुकणारा दिवा पाहावा. तो लुकलुकतच राहिला, तर मीटर आणि स्विच यांच्यामध्ये वीज कुठेतरी गळते आहे किंवा कुणी ती वळवली आहे, अशी शंका घ्यायला जागा आहे.

उत्तर येईपर्यंत बिल थकवणे धोक्याचे. वीज कायदा 2003 च्या कलम 56 नुसार, मागितलेली रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी कमी असेल ती हरकत नोंदवून भरल्यास वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. तसे भरत असल्याचे पत्रातच लिहावे. कार्यालयाकडून दाद मिळाली नाही, तर त्याच कागदांसह ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि तिथला निर्णय मान्य नसल्यास विद्युत लोकपालाकडे जाता येते.