दुकानाच्या पेजवरून १५ ऑगस्टची शुभेच्छा: साधी, आपली आणि राजकारणाबाहेरची



१४ ऑगस्टच्या रात्री व्हॉट्सअॅपवर एक इमेज फिरत येते. तिरंगा, दोन-चार नेत्यांचे फोटो आणि खाली "तुमचं नाव इथे टाका". आपण दुकानाचं नाव टाकतो, मोबाईल नंबर टाकतो, शेवटी "सर्व कपड्यांवर १५% सूट" लिहितो आणि पेजवर सोडून देतो. पाच मिनिटांत काम झालं. पण या एका इमेजमध्ये किती गडबडी असतात, ते आज नीट बघू.

उदाहरणासाठी एक दुकान धरू. परळमधलं, साड्या आणि तयार कपड्यांचं. गिऱ्हाईक कोण? जुन्या चाळीतल्या मावशी, टॉवरमध्ये नव्याने राहायला आलेली कुटुंबं, हॉस्पिटलचा स्टाफ. यात प्रत्येक पक्षाला मत देणारा माणूस आहे, आणि तुमच्या गल्ल्यावर सगळ्यांचे पैसे सारखेच.

पहिली गोष्ट: बॅनरची नक्कल नको

गिरगाव, दादर, लालबाग, कुठल्याही नाक्यावर बघा. गोल चौकटीत चेहरे आणि खाली "शुभेच्छुक". आपल्या डोळ्यांना शुभेच्छा म्हणजे हाच नमुना माहीत झालाय. तोच दुकानाच्या पेजवर उतरला, की गिऱ्हाईक आधी विचारतं, "हे कोणाचे?" मजकूर एका शब्दानेही राजकीय नसला तरी मांडणीच तसं बोलते. म्हणून चेहरे नकोत, कोणत्याही संघटनेचं चिन्ह नको, शेजारी देशाला टोमणा नको. फॉरवर्ड आलेली इमेज वापरणार असाल तर झूम करून चारही कोपरे तपासा. बारीक लोगो तिथेच लपलेला असतो.

दुसरी गोष्ट: झेंडा आणि धंदा वेगळे ठेवा

इथे प्रश्न नुसत्या आवडीनिवडीचा नाही, कायद्याचा आहे. बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५० नुसार राष्ट्रध्वज सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी वापरता येत नाही. त्याच यादीत महात्मा गांधी, छत्रपती शिवाजी महाराज आणि पंतप्रधान यांची नावं आणि चित्रंसुद्धा आहेत. म्हणजे महाराजांचा फोटो आणि शेजारी साडीवर सूट, हे भक्तीने केलं तरी चालत नाही.

दुसरा कायदा राष्ट्रीय सन्मानाचा अपमान रोखणारा, १९७१ चा. ध्वजावर अक्षरं लिहिणं हा त्यात अपमान मानला आहे. महत्त्वाचं म्हणजे तिथे "ध्वज" या शब्दात ध्वजाचं चित्र आणि फोटोही येतात. म्हणून तिरंग्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर दुकानाचं नाव टाकायची सवय आजच सोडा.

मग रंग कुठून आणायचा? आपल्याच दुकानातून. काउंटरवर घडी केलेल्या केशरी, पांढऱ्या आणि हिरव्या साड्या सकाळच्या उजेडात ठेवा आणि मोबाईलने फोटो काढा. रंग कळले की झालं. पट्टे जुळवून मधे चक्र काढायला गेलात, की तो पुन्हा ध्वजच झाला. दादरच्या फुलबाजाराजवळ दुकान असेल तर झेंडू, मोगरा आणि पानं हाताशी आहेतच.

ऑफर द्यायचीच असेल तर जरूर द्या. पण तिची पोस्ट दोन दिवस आधी, वेगळी, झेंड्याशिवाय. शुभेच्छेच्या पोस्टमध्ये किंमत आली, की वाचणारा तिला जाहिरात समजून पुढे सरकतो.

तिसरी गोष्ट: आपल्या गल्लीतलं एक खरं वाक्य

"देशासाठी सर्वस्व अर्पण करणाऱ्या वीरांना कोटी कोटी प्रणाम" हे वाक्य चुकीचं नाही. पण ते त्याच दिवशी शंभर पेजवर असतं, त्यामुळे तुमचं म्हणून लक्षात राहत नाही. आपल्या भागाकडे मात्र सांगण्यासारखं खूप आहे. ३१ जुलै १९२१ ला परळमध्ये, एल्फिन्स्टन मिलजवळ, गांधीजींच्या उपस्थितीत विदेशी कपड्यांची मोठी होळी झाली. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत विदेशी कापडाचा ट्रक अडवताना गिरणी कामगार बाबू गेनू यांनी प्राण दिला. १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. पोलिसांनी तो शेवटी पकडला, तोही गिरगावात.

कापडाच्या दुकानाला परळची होळी अगदी फिट बसते. पण थांबा, आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: माझ्या मालाला हे वाक्य पेलेल का? रॅकवर अर्धा माल परदेशी असेल, तर खाली पहिलीच कमेंट काय येईल ते सांगायला नको. आपल्या दुकानात इचलकरंजीचं सुती कापड आणि सोलापूरची चादर असेल, तर बिनधास्त लिहा. नसेल तर इतिहास सोडा आणि त्या दिवशी दुकान काय करणार आहे ते सांगा. तेही खरंच असतं.

आता मजकूर

आधीचा होता: "समस्त भारतीयांना ७८ व्या स्वातंत्र दिनाच्या कोटी कोटी शुभेच्छा! सर्व कपड्यांवर १५% सूट, आजच भेट द्या!"

यात दोन साध्या चुका आहेत. शब्द "स्वातंत्र्य" आहे, "य" खाऊ नका. आणि आकडा: १५ ऑगस्ट १९४७ हा पहिला स्वातंत्र्य दिन, म्हणून चालू सालातून १९४६ वजा करायचे. २०२५ चा होता ७९ वा. पूर्ण झालेली वर्षं ७८, गोंधळ तिथेच होतो. खात्री नसेल तर आकडा गाळा, काही बिघडत नाही.

नवा मजकूर असा:

"१९२१ साली आपल्या परळमध्ये विदेशी कपड्यांची होळी झाली. आज त्याच परळमध्ये आम्ही सोलापूर आणि इचलकरंजीच्या विणकरांचं कापड विकतो, याचा आनंद आहे. उद्या सकाळी आम्ही सगळे झेंडावंदनाला जाणार, म्हणून दुकान १० वाजता उघडेल. स्वातंत्र्य दिनाच्या शुभेच्छा!"

बघा, यात एकाही नेत्याचं नाव नाही, किंमत नाही, घोषणा नाही. तरी देश आहे, परळ आहे आणि गिऱ्हाइकाला उपयोगी पडणारी वेळही आहे. दुकानाचं नाव फोटोखाली, मजकुराच्या शेवटी, एकदाच.

पाठवायचं कसं

"उद्या" लिहिलंय, म्हणून पोस्ट १४ तारखेला संध्याकाळीच टाका. व्हॉट्सअॅप स्टेटस २४ तासांनी जातं, ते १५ ला सकाळी "आज" असा बदल करून पुन्हा लावा. ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोहोचतो, हे ध्यानात ठेवा.

कमेंटमध्ये कोणी पक्षाचा वाद काढलाच, तर उत्तर देऊ नका, कमेंट लपवा. बाकी सगळ्यांना "तुम्हालाही शुभेच्छा, काकू" एवढं पुरे.

आता मोबाईल काढा आणि मागच्या वर्षीची तुमची पोस्ट उघडा. चेहरा, झेंड्यावरची अक्षरं आणि किंमत, या तीन गोष्टी शोधा. जे सापडेल ते यंदा गाळायचं.