एका वर्षात ग्रॅच्युइटी, पण कोणाला? स्टाफ ग्रुपवरची पाच कार्डं

(भागाचा लिखित उतारा. बोलताना जे दोनदा बोललं गेलं ते एकदाच ठेवलंय.)

आज विषय थोडा ऑफिसचा आहे, पण हेडफोन काढू नका, कारण शेवटी पैशांवरच येतो.

२१ नोव्हेंबर २०२५ ला केंद्र सरकारने चार नव्या कामगार संहिता लागू केल्याचं जाहीर केलं. त्यानंतर लगेच एक फोटो फिरायला लागला: "आता एका वर्षात ग्रॅच्युइटी!" तुमच्यापर्यंतही आला असेल. अलिबाग, नागाव, काशीदच्या रिसॉर्टवाल्यांच्या ग्रुपवर आला, थळ-डोलवीकडे प्लांटला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर आला. वाचणाऱ्या प्रत्येकाला वाटलं, हे आपल्यासाठीच आहे. पण ते सगळ्यांसाठी नव्हतं.

अशा वेळी कंपनी काय करते? एचआरमधलं कोणीतरी फोनवरच पाच कार्डं बनवतं आणि स्टाफ ग्रुपवर टाकतं. त्यालाच कॅरोसेल म्हणतात, बोटाने सरकवत बघायची कार्डं. काय बदललं, कोणाला लागू, विचारायचं कुठे, एवढंच त्यात हवं असतं. हे काम उद्या तुमच्यावर येऊ शकतं, किंवा अशी कार्डं तुमच्या फोनवर येतील. म्हणून आज ग्रॅच्युइटीचीच पाच कार्डं बनवून बघू.

समजा, नागावला एक रिसॉर्ट आहे. तीसेक माणसं. स्वयंपाकघरातले आचारी कायम नोकरीत. काही स्टुअर्ड ठरावीक मुदतीच्या करारावर, म्हणजे फिक्स्ड टर्मवर. हाउसकीपिंग ठेकेदाराकडून. आणि शनिवार-रविवारी गर्दीला हाताशी म्हणून चौल-रेवदंड्याकडून येणारी पोरं. चार प्रकारची माणसं, पण ग्रुप एकच.

सगळ्यात जास्त चूक पहिल्या कार्डावर होते. तिथे मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, "ग्रॅच्युइटीच्या नियमात मोठा बदल!" आणि कोणाला लागू, ते तिसऱ्या कार्डावर. इन्स्टाग्रामवर हे चालतं, कारण तिथे कार्डं एकत्र राहतात. व्हॉट्सअॅपवर ती सुटी होतात. कोणीतरी पहिलंच कार्ड उचलून हाउसकीपिंगच्या ग्रुपवर टाकतो, तिथून ते घरी जातं, आणि संध्याकाळपर्यंत तिसरं कार्ड कोणी पाहिलेलंच नसतं. म्हणून "कोणाला" हे पहिल्याच कार्डावर यायला हवं. मी असं लिहीन:

"फिक्स्ड टर्म करारावर असलेल्यांसाठी: करार पूर्ण झाल्यावर ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची अट नाही, एक वर्षाची सेवा पुरे. कायम कर्मचाऱ्यांची पाच वर्षांची अट आहे तशीच आहे. कार्ड १/५."

दुसरं वाक्य मुद्दाम घातलंय. काय बदललं नाही, हे सांगितलं नाही तर आचारी दुसऱ्या दिवशी हिशोब मागायला येतो, आणि त्यात त्याची चूक नसते. (मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अट कोणालाच नसते. हे आधीही होतं, आताही आहे. ते पुढच्या कार्डावर एका ओळीत.)

आणि तो "१/५" आकडा विसरू नका. ग्रुपवर फोटो कधीकधी मागेपुढे पडतात. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात रिसॉर्टचं नाव, तारीख आणि नंबर असला की सुटं झालेलं कार्डसुद्धा कुठलं ते कळतं.

दुसरं कार्ड, काय बदललं. इथे संहितेची नावं आणि कलमं ओतायचा मोह होतो. तो आवरा. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हे नाव एकदा, लागू झाल्याची तारीख एकदा, बास.

तिसरं कार्ड, "कोणाला लागू", याच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. बहुतेक ठिकाणी लिहितात: "सर्व पात्र कर्मचाऱ्यांना लागू." पण मी पात्र आहे की नाही, हेच तर मला कळत नाही ना? स्टुअर्डला विचारा, तू कायम की फिक्स्ड टर्म? तो म्हणेल, "मी कॉन्ट्रॅक्टवर आहे." हाउसकीपिंगची ताईही हेच म्हणेल, "कॉन्ट्रॅक्टवर." शब्द एकच, अर्थ दोन. स्टुअर्डचा लेखी करार थेट रिसॉर्टशी आहे आणि त्यावर संपायची तारीख आहे. तो फिक्स्ड टर्म. ताईला ठेकेदाराने कामावर ठेवलंय, तिचा पगार ठेकेदार करतो. तिची ग्रॅच्युइटी तिच्या आणि ठेकेदाराच्या कागदांवरून ठरणार, रिसॉर्टच्या या कार्डावरून नाही.

म्हणून त्या कार्डावर प्रकारांची नावं लिहू नका, कागद बघायला सांगा. "तुमचं नियुक्तीपत्र काढा. वर कोणाचं नाव आहे, रिसॉर्टचं की ठेकेदाराचं? खाली करार संपायची तारीख आहे का? रिसॉर्टचं नाव आणि संपायची तारीख, दोन्ही असेल तर हा बदल तुमच्यासाठी आहे. ठेकेदाराचं नाव असेल तर आधी ठेकेदाराला विचारा. पत्रच नसेल तर पाचव्या कार्डावरच्या नंबरवर फोन करा." शेवटची ओळ काढू नका. वीकेंडला येणाऱ्या पोरांकडे बहुतेक वेळा कागदच नसतो, आणि त्यांना यादीतून गुपचूप वगळलं तर ते ग्रुपवरच विचारतील, सगळ्यांसमोर.

एक अडचणीची जागा आहे. आपल्याकडे अकरा महिन्यांचे करार खूप. एक वर्ष म्हटल्यावर अकरा महिनेवाला गेला का? घाईत "नाही" छापू नका. कायद्यात सलग सेवा मोजताना प्रत्यक्ष काम केलेले दिवसही धरतात, २४० दिवसांचा हिशोब ऐकला असेल, आणि त्यावरून वाद होतात. कार्डावर एवढंच: "करार एक वर्षापेक्षा कमी असेल तर करार आणि हजेरी घेऊन भेटा, लेखी उत्तर मिळेल." मग ते लेखी उत्तर खरंच द्या.

आणखी एक, किनाऱ्यावरच्या लहान जागांसाठी. दुकानं आणि हॉटेलं-रिसॉर्टसारख्या आस्थापनांत ग्रॅच्युइटी लागू व्हायला दहा माणसं लागतात. चार माणसांच्या होमस्टेला हे कार्ड बनवायची गरजच नाही. पण दहा मोजताना मागच्या बारा महिन्यांतला कुठलाही एक दिवस धरतात. पावसाळ्यात सहा जण आणि ३१ डिसेंबरच्या आठवड्यात बारा जण कामावर ठेवले, तर दहाची अट भरली. आणि एकदा कायदा लागू झाला की नंतर माणसं कमी झाली म्हणून सुटका होत नाही. "आम्ही लहान आहोत" म्हणणाऱ्या मालकांनी आधी डिसेंबरचं हजेरीपत्रक उघडावं.

चौथं कार्ड पैशांचं. इथे एकच उदाहरण, पूर्ण. समजा एका स्टुअर्डचा करार १ डिसेंबर २०२५ ते ३० नोव्हेंबर २०२६. महिन्याचे एकूण २६,००० रुपये. त्यात मूळ पगार ९,००० आणि घरभाडं, प्रवास वगैरे भत्ते १७,०००. नव्या व्याख्येत असे भत्ते एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त असले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. निम्मे म्हणजे १३,०००. भत्ते १७,०००, म्हणजे ४,००० जास्त. ते मूळ ९,००० मध्ये मिळवले की वेतन १३,०००.

ग्रॅच्युइटी म्हणजे प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन, आणि महिना २६ दिवसांचा धरायचा. १३,००० भागिले २६ म्हणजे ५००, गुणिले १५ म्हणजे ७,५०० रुपये. नुसते ९,००० धरले असते तर ५,१९२ आले असते. दोन हजारांहून जास्त फरक. म्हणजे अकाउंट्सने कुठला आकडा धरला, हे स्टुअर्डने विचारायलाच हवं. कार्डावर हिशोबाच्या पायऱ्या दिसल्या तरच त्याला ते विचारता येईल. नुसतं "नियमानुसार रक्कम मिळेल" लिहिलं तर तो काय विचारणार?

हातात येणारा पगार कमी होणार का, हा प्रश्न याच कार्डाखाली येणार, शंभर टक्के. त्याचं उत्तर तुमच्या कंपनीत पीएफ कशावर कापतात यावर आहे. ते अकाउंट्सकडून आधी लिहून घ्या आणि मगच पोस्ट करा. उत्तर हातात नसताना पोस्ट टाकली की ग्रुपवर चारजण चार आकडे सांगतात.

पाचवं कार्ड, कुठे विचारायचं. "अधिक माहितीसाठी एचआरशी संपर्क साधा" हे वाक्य मला बघवत नाही. कोणाशी? कधी? रात्रपाळीवाल्याने काय करायचं? माणसाचं पद, बसायची जागा, वेळ, आणि फोन नंबर लिहा. आता फोटोतला नंबर सगळ्यांच्याच फोनवर दाबून लागत नाही, आणि पंधरा दिवसांनी ग्रुपवर "ग्रॅच्युइटी" शोधलं तर फोटोतली अक्षरं सापडतील याचाही भरवसा नाही. म्हणून कार्डांखाली तोच मजकूर साध्या मेसेजमध्ये टाका आणि तो मेसेज पिन करा.

पहिल्या माणसाकडून उत्तर नाही मिळालं तर दुसरी पायरीही त्याच कार्डावर हवी. वीस किंवा जास्त कामगार असतील तर नव्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे तक्रार निवारण समिती लागते, त्यात मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारखे असतात. आपल्या तीस जणांच्या रिसॉर्टला ती हवीच. समितीत कोण आहे ते कार्डावर येऊ दे. त्याच्या पुढे कामगार विभागाचं कार्यालय. आणि एक मुदत: ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून तीस दिवसांत मालकाने द्यायची असते. ही ओळ बऱ्याच कंपन्या छापत नाहीत. का, ते तुम्हीच ओळखा.

जाता जाता, एक घोळ सांगतो. ग्रॅच्युइटीचा बदल कायद्याने आलाय, कंपनीने फक्त कळवायचंय, म्हणून कार्डं पुरतात. पण रिसॉर्टने स्वतःहून कामगारांचे कामाचे तास, पाळ्या किंवा रजा बदलायच्या ठरवल्या, तर गोष्ट वेगळी. तिथे ज्यांच्यावर परिणाम होणार त्या कामगारांना रीतसर नोटीस द्यावी लागते आणि २१ दिवस थांबावं लागतं. हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं, नव्या संहितेतही आहे. कामगारांशी झालेल्या समझोत्यातून बदल आला असेल किंवा अचानक गरज पडून समितीशी बोलून पाळी बदलली असेल, तर सूट आहे. बाकी वेळी रविवारी रात्री कार्ड टाकलं आणि सोमवारपासून नवी पाळी, असं चालत नाही. अशी कार्डं तुमच्या फोनवर आली, तर सरकवून पुढे जाऊ नका. तारीख बघा, स्क्रीनशॉट काढा, आणि नोटीस कुठे लावलीय ते पाचव्या कार्डावरच्या नंबरवर विचारा.