फ्रिजमधलं पेन, मांडीवरची चिमटी

आमच्या फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, दह्याच्या भांड्यामागे, एक पांढरा खोका असतो. आत दोन पेनं. लिहायची नव्हेत, टोचायची. एका पेनात अॅडॅलिमुमॅबचा 40 मिलिग्रॅमचा एक डोस असतो आणि दर दुसऱ्या रविवारी मी तो स्वतःच्या हाताने घेते. संधिवातातल्या रुमॅटॉईड प्रकारात शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते. त्या हल्ल्यातला टीएनएफ नावाचा निरोप्या हे औषध धरून ठेवतं. अमेरिकेत 2002च्या अखेरीला त्याला मान्यता मिळाली. 2014मध्ये झायडसने त्याची भारतीय बनावटीची जोडीदार आवृत्ती बाजारात आणली, तेव्हापासून आपल्याकडे ते थोडं आवाक्यात आलं. सुरू करण्याआधी डॉक्टर छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी करून घेतात, कारण आत दडून बसलेला क्षय या औषधामुळे डोकं वर काढू शकतो.

हे औषध म्हणजे एक मोठं प्रथिन. गोळी करून गिळलं तर पोटात पचून जाईल, म्हणून कातडीखालच्या चरबीत सोडावं लागतं. आणि प्रथिन म्हटलं की त्याच्या नाजूकपणाचे सगळे नखरे आलेच. त्याला 2 ते 8 अंश सेल्सिअस लागतं. फ्रीजरच्या कप्प्याला खेटून किंवा मागच्या थंड भिंतीला टेकवून ठेवलं तर ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलं की वितळल्यावर कितीही स्वच्छ दिसलं तरी वापरायचं नसतं. दरवाज्यात ठेवलं तर दिवसभराच्या उघडझाकीने तापमान वरखाली होत राहतं. म्हणून मधला कप्पा, आणि उजेड लागू नये म्हणून खोक्यासकट. औषधाच्या दुकानातून घरी आणताना थर्मोकोलच्या डब्यात बर्फाची पिशवी ठेवतात. ती पिशवी आणि पेन यांच्यामध्ये एक जाड कापड घालावं, नाहीतर जपण्याच्या नादात तेच गोठायचं.

पहिलं इंजेक्शन मी फ्रिजमधून काढलं आणि लगेच टोचलं. शिकवताना परिचारिकेने थांबायला सांगितलं होतं, पण लवकर उरकून टाकायची घाई माझीच. सुईचं काही वाटलं नाही, पण औषध आत शिरताना अशी आग झाली की हात थरथरायला लागला. थंडगार द्रव आत जाताना जास्त बोचतो. म्हणून पेन बाहेर काढून पंधरा ते तीस मिनिटं तसंच ठेवायचं, दोन्ही टोपणं लावलेली. गरम पाण्यात बुडवायचं नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच, आणि खिडकीतल्या उन्हातही नाही. उष्णतेने प्रथिनाच्या घड्या विस्कटतात आणि औषध निकामी होतं. माहितीपत्रकात याला ‘खोलीचं तापमान’ म्हटलेलं असतं. ते लिहिणाऱ्याने नागपूरचा मे महिना पाहिलेला नसावा. माझ्या स्वयंपाकघरात त्या दिवसांत दुपारी 38 अंश सहज असतात, आणि पत्रकातल्या खोलीची मर्यादा 25. म्हणून उन्हाळ्यात मी इंजेक्शन सकाळी सहाच्या सुमाराला, एसी लावलेल्या खोलीत घेते. पेन बेडशेजारच्या टेबलावर ठेवते आणि चहा करायला जाते. परत येऊन ते मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवायचं. गार लागलं नाही, की झालं.

वीज गेली तर? माझं औषध 25 अंशांच्या आत फ्रिजबाहेर चौदा दिवसांपर्यंत टिकतं. पण एकदा ते दिवस मोजायला लागले की परत फ्रिजमध्ये ठेवून घड्याळ मागे फिरत नाही. चौदा दिवसांत वापरा, नाहीतर टाका. इतर औषधांच्या पेनांचे दिवस वेगळे असतात, तेव्हा आपल्या खोक्यातलं पत्रक वाचायचं. वापरण्याआधी खिडकीतून आतला द्रव मात्र नीट बघावा. तो स्वच्छ असला पाहिजे. गढूळ दिसला किंवा आत कण तरंगत असले तर ते पेन बाजूला ठेवायचं. हलवून बघायचंही नाही.

आता जागा. स्वतः घ्यायचं तर मांडीचा पुढचा भाग किंवा पोट. पोटावर बेंबीच्या आजूबाजूची दोन इंच जागा सोडायची. जखम, व्रण, लालसरपणा, निळा डाग किंवा सोरायसिसचा चट्टा असेल तिथे नको. आणि मागच्या जागेपासून किमान इंचभर दूर, कारण तीच जागा वारंवार टोचली की ती दुखरी होते. मी कालनिर्णयवरच खूण करते: ‘उ.मां.’, ‘डा.मां.’, ‘पो.उ.’, ‘पो.डा.’. चतुर्थीच्या खाली ‘डा.मां.’ वाचून आमची कामवाली बाई एकदा चांगलीच बुचकळ्यात पडली होती.

माझी आवडती जागा मांडी, आणि त्याला कारण बोटं. खुर्चीत बसून पाय सैल सोडला की मांडी समोर असते, पोटासारखं वाकून बघावं लागत नाही. अल्कोहोलचा बोळा फिरवून जागा पूर्ण वाळू द्यायची. ओली असताना टोचलं तर उगाच चुरचुरतं. मग चिमटी. ती घ्यायची ती कातडी आणि तिच्याखालची चरबी स्नायूपासून उचलली जावी म्हणून. मी बारीक आहे. चिमटी न घेता टोचलं तर सुई स्नायूपर्यंत जाऊ शकते. औषध जायला हवं चरबीत, आणि स्नायूत सुई जास्त दुखतेही. चिमटी बोटांच्या टोकांनी कचकचून घ्यायची नसते. सकाळी माझी बोटं मिटतच नाहीत, म्हणून मी अंगठा एका बाजूला आणि बाकीचा हात दुसऱ्या बाजूला ठेवून पोळीचा उंडा धरावा तशी अलगद घडी उचलते. काही पेनांत चिमटी न घेता कातडी ताणायला सांगितलेलं असतं. तिथे पत्रकाचंच ऐकायचं.

पेन उभं, कातडीशी काटकोनात, घडीवर घट्ट टेकवायचं आणि बटण दाबायचं. काही पेनांना बटणच नसतं, नुसतं दाबलं की सुई बाहेर येते. ‘खट्’ असा मोठा आवाज होतो, आणि इथेच नवशिके फसतात. तो आवाज सुरुवातीचा असतो, शेवटचा नव्हे. तिसऱ्या वेळी मी ‘खट्’ ऐकलं, भीतीपोटी भरभर दहा मोजले आणि पेन उचललं. मांडीवरून द्रवाचा ओघळ गुडघ्यापर्यंत आला. खिडकीतली रंगीत पट्टी अर्ध्यावरच अडकलेली होती. टोचल्यावर जागेवर एखादा थेंब दिसणं हे नेहमीचंच, पण ओघळ म्हणजे डोसाचा काही भाग वाया गेला. मी दुसरं पेन घ्यायला निघाले होते. डॉक्टरांना फोन केला, तर त्यांनी साफ नाही म्हटलं. आत किती गेलं ते कळत नाही, तेव्हा वर आणखी एक घ्यायचं नाही, पुढचा डोस ठरल्या दिवशीच घ्यायचा.

आता मी आकडे मोजतच नाही. चिमटी तशीच धरून खिडकीकडे बघत राहते. पट्टीने खिडकी पूर्ण भरली आणि ती हलायची थांबली, की मग मनात सावकाश पाच म्हणून पेन सरळ वर उचलते. जागा चोळायची नाही, कापूस नुसता टेकवून धरायचा. एखाद दिवस लाली आणि खाज येते, ती आपोआप जाते. ती पसरत गेली, किंवा अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, तर मात्र थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. आणि रविवारी ताप असला, लघवीला जळजळ होत असली किंवा दात सुजला असला, तर पेन फ्रिजमध्येच राहतं आणि मी आधी डॉक्टरांना विचारते.

वापरलेलं पेन कचऱ्याच्या डब्यात जात नाही. जाड प्लॅस्टिकची, घट्ट झाकणाची एक जुनी बरणी मी त्यासाठी ठेवली आहे. भरत आली की ती रक्त तपासायला जाते त्या लॅबमध्ये देते, तिथे सुयांचा वेगळा डबा असतो. बरणीवर नातवाने मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘आजीची, हात लावू नये’.