बिलावर नाव कुणाचं?

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी इथं मिशनचं रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून चारी दिशांचे पेशंट या गावात उतरतात. दवाखाने आले की औषधांची दुकानं आलीच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असंच एक जुनं दुकान आहे. दुकानदार साठी ओलांडलेले. सगळा मोहल्ला त्यांना अण्णा म्हणतो, मीही अण्णाच म्हणतो. २५ सप्टेंबर हा जागतिक औषधनिर्माता दिन. २०२५ साली त्या दिवशी अण्णांनी दुकानासमोर दहा-पंधरा खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांना जमवून अर्धा तास बोलले. विषय एकच होता, डॉक्टरची चिठ्ठी आणि औषधाचं बिल. समोर उदाहरण म्हणून ठेवलेली फाइल मात्र माझी होती. माझ्या परवानगीनंच, हे सांगितलेलं बरं.

त्या फाइलची हकिकत अशी. २०२५ च्या मार्चमध्ये माझ्या पत्नीचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झालं. १२ तारखेला दाखल केलं, १५ ला घरी आणलं. रुग्णालयाचं मुख्य बिल विमा कंपनीनं परस्पर भागवलं. आम्हाला वाटलं, सुटलो. पण ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्या, आधीची औषधं आणि घरी आल्यानंतरची औषधं हा खर्च आम्ही खिशातून केला होता. तो मागून घ्यावा लागतो आणि त्यासाठी कागद आपल्यालाच द्यावे लागतात. मी कागद गोळा केले. एकूण आठ बिलं, रक्कम ८,७६० रुपये. कंपनीनं मंजूर केले ५,१९५. बाकीच्या ३,५६५ रुपयांपुढे कारणं लिहून आली होती. मी तो कागद घेऊन तणतणत अण्णांकडे गेलो. त्यांनी चष्मा चढवला, सगळं वाचलं आणि म्हणाले, "सर, यातल्या निम्म्याहून अधिक चुका तुमच्या आहेत, आणि एक माझ्या कॉम्प्युटरची."

पहिली चूक तारखेची. माझ्या पॉलिसीत दाखल होण्याआधीचे ३० दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे ६० दिवस एवढ्या काळातला खर्च मिळतो. काही पॉलिसींत हे दिवस जास्त असतात, तेव्हा आपापली पॉलिसी उघडून पाहावी. आमचे ३० दिवस मागे मोजले तर १० फेब्रुवारी येते. माझं पहिलं बिल ७ फेब्रुवारीचं, ६४० रुपयांचं. पोट दुखायला लागलं त्या दिवशीचं. दुखणं तेच, डॉक्टर तेच, पण तीन दिवसांनी हुकलं. पुढचे ६० दिवस १४ मे रोजी संपत होते. हे दिवस संपल्यावर कागद सादर करायलाही मुदत असते, बऱ्याच पॉलिसींत ती जेमतेम १५ दिवसांची. म्हणून अण्णांचं सांगणं असं, की पेशंटला घरी आणलं त्याच दिवशी कॅलेंडरवर दोन्ही टोकांच्या तारखांना गोल करून ठेवा.

दुसरं बिल ७८० रुपयांचं. त्यावर नाव होतं माझ्या मुलाचं! पोटदुखी आईला आणि औषध मुलाच्या नावानं, कंपनी कशी मान्य करणार? झालं असं, की दुकानात गेलं की आपल्याला मोबाइल नंबर विचारतात. नंबर टाकला की त्या नंबरावर पूर्वी नोंदलेलं नाव कॉम्प्युटर आपोआप बिलावर छापतो. नंबर मुलाचा, म्हणून नावही मुलाचं. अण्णांनी बैठकीत सगळ्यांना बजावलं, "मंडळी, नंबर कुणाचाही सांगा, पण पैसे देण्याआधी बिलावर पेशंटचं नाव वाचा. डॉक्टरचं नाव वाचा. चिठ्ठीवर जे नाव आहे तेच बिलावर पाहिजे. नुसतं 'कॅश' असं छापलं असेल तर परत द्या, आम्ही दुसरं काढून देऊ. काउंटरवर उभे असताना हे एका मिनिटाचं काम आहे. दोन महिन्यांनी आलात तर मला पत्र लिहावं लागतं." मला त्यांनी तसं पत्र दिलं. चिठ्ठी पत्नीच्या नावाची होती, औषधं जुळत होती, म्हणून कंपनीनं ते मान्य केलं.

तिसरं बिल मला अजून सलतं. १,२४० रुपयांचं, २९ मार्चचं. डिस्चार्ज कार्डावर गोळ्या १४ दिवसांच्या लिहिल्या होत्या. त्या संपल्यावर आम्ही डॉक्टरांना दाखवायला गेलो. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि तोंडीच म्हणाले, "ह्याच चालू ठेवा अजून महिनाभर." आम्ही आनंदानं बाहेर पडलो आणि जुन्याच कार्डावर गोळ्या घेतल्या. कंपनीचं म्हणणं, कार्डावर १४ दिवस आहेत, ते संपले, पुढच्या गोळ्या कुणी सांगितल्या? प्रत्येक बिलामागे चिठ्ठी लागते. चिठ्ठीत औषधाचं नाव लागतं आणि किती दिवस घ्यायचं तेही. अण्णा म्हणाले, "डॉक्टर तोंडी बोलले की तिथंच कागद पुढे करायचा आणि म्हणायचं, साहेब, एवढं लिहून द्या, खाली तारीख टाका."

मी नंतर त्या डॉक्टरांकडे मागच्या तारखेची चिठ्ठी मागायला गेलो होतो. त्यांनी नकार दिला. तेव्हा राग आला, आज वाटतं त्यांनी बरोबर केलं. अण्णांकडेही लोक मागच्या तारखेचं बिल मागायला येतात. ते देत नाहीत. बिलांचे क्रमांक ओळीनं पडतात, मध्येच एक घुसवता येत नाही. शिवाय बिलावर औषधाचा बॅच नंबर असतो. तो माल दुकानात आलाच नव्हता त्या तारखेचं बिल असेल तर तपासणाऱ्याला ते कळतं. आणि एक खोटं बिल सापडलं तर तेवढंच बाद होत नाही, सगळा दावाच जाऊ शकतो. उरलेली पाकिटं दुकानात परत करून पूर्ण रकमेचं बिल दाव्याला जोडणं हाही तोच प्रकार. परत केलेल्या मालाची नोंद दुकानात राहते.

चौथं बिल ५२० रुपयांचं, आणि ते कोरं होतं! म्हणजे होतं छापलेलंच, पण मी महिनाभर पाकिटात ठेवलं आणि अक्षरं उडाली. आजकाल पुष्कळ दुकानांत जो गुळगुळीत कागद असतो त्यावर शाई नसतेच. कागदावर एक लेप असतो, तो छपाईच्या उष्णतेनं काळा पडतो. त्यामुळे असा कागद चुलीजवळ किंवा उन्हात राहिला तर सगळाच काळवंडतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत राहिला किंवा तेलकट बोटं लागली तर अक्षरं फिकी पडतात. आपण काय करतो? जपायचं म्हणून नेमकं प्लॅस्टिकच्याच पिशवीत घालतो. अण्णांचा उपाय साधा आहे. बिल मिळालं त्याच दिवशी त्याची झेरॉक्स काढा, मूळ बिल चिठ्ठीला टाचा आणि दोन्ही कागदी पाकिटात ठेवा. माझ्या त्या बिलाची प्रत कॉम्प्युटरमध्ये होती. तिच्यावर सही-शिक्का करून त्यांनी दिली आणि ते पैसे मिळाले.

राहिले ३८५ रुपये. एका बिलात गोळ्यांबरोबर प्रोटीनची पावडर घेतली होती. ती नामंजूर होणारच होती. सगळा हिशोब होऊन शेवटी हाती आले ६,४९५ रुपये.

एक गोष्ट मला त्या दिवशी नव्यानं कळली. दुकानदार चिठ्ठीवर आपला शिक्का मारतो आणि तारीख टाकतो, त्याचा पुष्कळांना राग येतो. चिठ्ठी खराब केली म्हणतात. पण १९४५ च्या औषधविषयक नियमावलीतच ते आहे. औषध देताना डॉक्टरच्या सहीच्या वर दुकानाचं नाव, पत्ता आणि दिल्याची तारीख लिहायची असते. त्याच शिक्क्यामुळे ही चिठ्ठी आणि हे बिल एकमेकांचे आहेत हे कागदावरून सिद्ध होतं.

शेवटी एका निवृत्त कंडक्टरांनी विचारलं, "अण्णा, हा पसारा ठेवायचा किती दिवस?" अण्णा म्हणाले, "बिलं दाव्याचा निकाल लागेपर्यंत. पण ज्या चिठ्ठीवर तुमचं बीपी किंवा शुगर पहिल्यांदा लिहिली गेली, ती कधीच टाकू नका." मग त्यांनी समजावून सांगितलं. समजा, कुणी २०२१ साली पॉलिसी घेतली आणि बीपी निघालं २०२२ साली. २०२५ मध्ये त्याला तातडीनं दाखल करावं लागलं. केसपेपर लिहिणारा डॉक्टर विचारतो, बीपी किती वर्षांपासून? पेशंट ग्लानीत, सोबत पुतण्या. तो अंदाजानं सांगतो, असेल पाच-सहा वर्षं. झालं, ते कागदावर उतरलं. आता कंपनी म्हणणार, म्हणजे पॉलिसीच्या आधीपासून आजार होता आणि तुम्ही लपवला. ही शंका खोडायला पुतण्याचा शब्द चालत नाही. २०२२ सालची ती पहिली चिठ्ठी आणि तेव्हाचा तपासणीचा रिपोर्ट असेल तर चालतो. पॉलिसी खंड न पडता पाच वर्षं चालली, तर २०२४ च्या नियमांनुसार फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज कंपनीला माहिती लपवल्याचं कारण काढता येत नाही. पण ती पाच वर्षं पुरी होईपर्यंत हा कागद फार मोलाचा. अण्णांनी आणखी एक सांगितलं, केसपेपरवर वर्षं चुकीची पडली असतील तर पेशंट रुग्णालयात असतानाच डॉक्टरांना जुनी चिठ्ठी दाखवून दुरुस्ती करून घ्यावी.

बैठक संपली. मी घरी येऊन माझ्या शुगरची पहिली चिठ्ठी शोधायला बसलो. मला कागदाच्या पाठीमागे ओळी खरडायची वाईट खोड आहे. दाव्याला मूळ कागद जोडावे लागतात आणि ते परत येत नाहीत, त्यामुळे पत्नीच्या एका चिठ्ठीमागच्या माझ्या चार ओळी फाइलबरोबर कंपनीच्या कचेरीत गेल्या. शुगरची चिठ्ठी तिसऱ्या दिवशी एका जुन्या दिवाळी अंकात सापडली. तारीख स्पष्ट होती, डॉक्टरची सही होती, पाठीमागे अर्धवट गझल होती. या वेळी मी दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढली.