फसलेलं पेमेंट नेमकं कुठे अडतं?

ग्राहक कार्डाचा नंबर टाकतो, ओटीपी भरतो आणि पडद्यावर ‘पेमेंट फेल्ड’ असं उमटतं. त्याला एवढंच कळतं. दुकानदाराच्या नोंदीत मात्र त्याच व्यवहारासमोर दोन अंकी कोड पडलेला असतो. ५१ म्हणजे खात्यात पैसे अपुरे, ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपलेली, ९१ म्हणजे कार्ड देणारी बँक किंवा मधला स्विच उत्तर देत नाही. कार्डाचे व्यवहार आयएसओ ८५८३ नावाच्या जागतिक प्रमाणानुसार चालतात आणि हे कोड त्याच प्रमाणातले आहेत.

पैसे मागणारा संदेश दुकानातून निघून गेटवेकडे जातो, तिथून दुकानदाराच्या बाजूच्या बँकेकडे, मग व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या जाळ्यातून ग्राहकाच्या बँकेपर्यंत. मोठे विक्रेते दोन-तीन गेटवे जोडून ठेवतात, म्हणजे असे मार्गही दोन-तीन होतात. यातला एखादा मार्ग पूर्ण बंद पडला तर लगेच लक्षात येतं. तो एकाच बँकेपुरता बिघडला, तर मात्र दिवसचे दिवस कुणाला पत्ता लागत नाही. विक्रेत्याचं खरं नुकसान होतं ते इथेच.

उदाहरणासाठी काल्पनिक आकडे घेऊ. जूनमध्ये शालेय पुस्तकं विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानात दिवसाला कार्डाची २००० पेमेंट्स येतात आणि दोन मार्गांवर निम्मी-निम्मी वाटली जातात. एरवी १०० पैकी ८५ यशस्वी होतात. एका दिवशी हे प्रमाण ८१ वर आलं. चार टक्के म्हटलं तर थोडे. सर्व्हर मंद असेल, असं म्हणून कुणीही पुढे जाईल.

बँकवार पाहिलं तर बाकी सगळ्या बँका जागच्या जागी आहेत. ‘क’ बँकेची ४०० पैकी फक्त २६० पेमेंट्स झाली. एरवी ३४० होतात. मग बँकच बंद होती का? घाईत हाच निष्कर्ष काढला जातो आणि तो चुकतो, कारण अजून मार्गानुसार फोड केलेलीच नाही. ती केल्यावर दुसऱ्या मार्गावर ‘क’ बँकेची २०० पैकी १७० पेमेंट्स नेहमीसारखी पार पडलेली दिसतात. पहिल्या मार्गावर २०० पैकी ९०च झाली. बँक बंद असती तर दोन्हीकडे सारखीच पडझड झाली असती.

आता कोड पाहू. पहिल्या मार्गावर ‘क’ बँकेची एरवी ३० पेमेंट्स फसतात, आज ११० फसली. ५१ चे नेहमीचे १२ आजही १२च आहेत, म्हणजे ग्राहक तेच आणि त्यांच्या खिशाची स्थितीही तीच. चुकीच्या ओटीपीमुळे अडलेले ९ आणि किरकोळ कारणांचे ७, हेही बदललेले नाहीत. ९१ मात्र २ वरून ८२ वर गेला.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट इथे आहे. ९१ हा कोड वाचला तर बोट बँकेकडे जातं. पण तो बँकेनेच पाठवलेला असतो असं नाही. बँकेपर्यंत पोहोचता आलं नाही, तर मधला स्विचही तो लावतो. त्याच वेळी दुसऱ्या मार्गाने तीच बँक उत्तर देत असेल, तर दोष पहिल्या मार्गाच्या दुव्यात आहे. म्हणून एकटा कोड हा पुरावा नव्हे. कोड, बँक आणि मार्ग एकत्र मांडल्यावरच पुरावा उभा राहतो. त्यासाठी गेटवेकडून मूळ कोड मागून घ्यावा लागतो, कारण काही ठिकाणी सगळी कारणं ‘अयशस्वी’ या एकाच शब्दात गुंडाळून दिली जातात.

आकडे लहान असतील तर घाई नको. २०० पेमेंट्समध्ये १६० ते १८० यशस्वी होणं हा नेहमीचा चढउतार आहे, ९० नाही. पण एका तासात ८ पेमेंट्स आली आणि ३ फसली, यावरून काहीच ठरत नाही. दोन मार्गांवरचे ग्राहकही सारखे हवेत. एकीकडे फक्त डेबिट कार्डं आणि दुसरीकडे क्रेडिट कार्डं जात असतील, तर फरक मार्गाचा की कार्डाचा, हे सांगता येत नाही.

इतकं पक्कं झालं की उपाय नेमका करता येतो. अख्खा पहिला मार्ग बंद करायचा नाही. ‘क’ बँकेची पेमेंट्स तेवढी दुसरीकडे वळवायची. तीही सगळी नाहीत, १०० पैकी ५ जुन्याच मार्गावर ठेवायची. ती पुन्हा नेहमीच्या प्रमाणात पार पडू लागली की दुरुस्ती झाल्याचं गेटवेने सांगण्याआधीच कळतं. ५१ ची पेमेंट्स मात्र दुसऱ्या मार्गाने पुन्हा पाठवू नयेत. खात्यातच पैसे नसतील तर मार्ग बदलून ती होणार नाहीत.

फसलेल्यांपैकी काहींच्या खात्यातून पैसे वजा झालेले असू शकतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार असे पैसे व्यवहारानंतर ५ दिवसांत आपोआप परत जायला हवेत, आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी. म्हणून त्या ८२ व्यवहारांची यादी, वेळ आणि संदर्भ क्रमांकासह, त्याच दिवशी गेटवेकडे पाठवायची.