चाळीस डबे, पावणेसतरा किलो सुकामेवा

गेल्या दिवाळीत आमच्या सोसायटीचे चाळीस डबे मी घरीच भरायला घेतले. हिशोब सरळ होता: डब्यात शंभर ग्रॅम काजू, म्हणजे चार किलो. अडतिसावा डबा भरला आणि पिशवीत दहा ग्रॅम उरले. वाटीने भरताना दर डब्यात पाच ग्रॅम, म्हणजे मोठे काजू असतील तर जेमतेम तीन, जास्त पडत होते. अडतीस डब्यांत दोन डब्यांचे काजू असे संपले.

यंदा आधी एकच डबा भरून वजनकाट्यावर ठेवला. चार कप्पे सारखे दिसतात म्हणून प्रत्येकात शंभर ग्रॅम घालायला जावं, तर पिस्त्यांचा ढीग झाकणाला लागतो आणि बेदाणे तळाशी बसतात. आमच्या डब्यात कप्पे सारखे भरलेले दिसायला काजू १००, बदाम १०५, बेदाणे ११० आणि सालीचे खारे पिस्ते ८५ ग्रॅम लागले. एकूण बरोबर ४०० ग्रॅम. पिस्त्यांतलं निम्म्याच्या आसपास वजन सालीचं असतं, हे मात्र घेणाऱ्याला दिसत नाही!

चाळिसाने गुणलं की काजू ४ किलो, बदाम ४ किलो २००, बेदाणे ४ किलो ४०० आणि पिस्ते ३ किलो ४०० ग्रॅम होतात. पण एवढंच आणलं तर पुन्हा गेल्या वर्षीचीच गत. काजू फुटतात, एखादा बदाम खवट निघतो, काही पिस्ते उघडलेलेच नसतात, बेदाण्यांतले देठ काढावे लागतात. म्हणून पाव किलोच्या पाकिटांत वर जाऊन मी काजू सव्वाचार किलो, बदाम साडेचार, बेदाणे साडेचार आणि पिस्ते साडेतीन किलो आणले.

काजू घेताना नंबर विचारावा. २४० नंबर म्हणजे एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, २४० पर्यंत काजू. शंभर ग्रॅममध्ये ते पन्नासएक येतात. ३२० नंबरचे सत्तरच्या आसपास भरतात आणि स्वस्तही असतात. वजन तेच, पण कप्प्यात ते बारीक दिसतात. मी २४० घेतले. साहेबी थाट नको असेल तर ३२० चालतात, खायला काही फरक नाही.

बेदाणे उघडे ठेवू नयेत. त्यांच्यात काजूपेक्षा ओल कितीतरी जास्त असते आणि बंद डब्यात ती काजूंत उतरते. चार-सहा दिवसांत कुरकुरीत काजू मऊ पडतात. बेदाणे वेगळ्या छोट्या पिशवीत बंद करून मगच कप्प्यात ठेवावेत.

भरताना वाटी वापराच, पण दर दहाव्या डब्याचा एक कप्पा काट्यावर रिकामा करून बघा. पाच ग्रॅम जास्त निघाले, तर वाटी बदला.