बोट उठलं, शब्द मागे राहिला

डाळिंबाच्या बागेवरची साडेचार मिनिटांची एक हिंदी चित्रफीत मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं होतं. तज्ज्ञ सर बागेत उभे राहून थेट कॅमेऱ्यात बघत बोलत होते. एका जागी ते म्हणतात, ‘पौधे की जड़ के पास पानी मत जमने दीजिए’, आणि नेमकं ‘मत’ म्हणताना उजव्या हाताचं बोट वर करतात. मराठीत आम्ही लिहिलं, ‘झाडाच्या मुळाशी पाणी साचू देऊ नका.’ भाषांतर बरोबर आहे आणि लांबीही जुळते. दोन्ही वाक्यांत अक्षरं चौदा, आणि ‘पानी’ व ‘पाणी’ दोन्हीकडे सातव्या-आठव्या जागेवर. यंत्राने आवाज तयार केला, ओठही हलवले, आणि तरीही पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण म्हणाला, ‘काहीतरी चुकतंय.’

ते काय, हे कळायला हे काम कसं चालतं ते आधी बघावं लागेल. मूळ फितीतून बोलणं वेगळं काढतात आणि पंपाचा, पाखरांचा आवाज बाजूला ठेवतात. बोलण्याचा मजकूर वेळेच्या खुणांसकट उतरवून घेतात, त्याचं भाषांतर करतात. भाषांतर वाचणारा आवाज यंत्राकडून बनवून घेतात, तो मूळ वक्त्यासारखा वाटावा म्हणून वक्त्याच्या आवाजाचा नमुना देतात, मग त्या आवाजावर ओठ बेततात. शेवटी पंप आणि पाखरं परत मिसळतात. हे सगळे थर एकावर एक चढतात, पण प्रत्येक थराला फक्त त्याच्या आधीच्या थरातून आलेलं दिसतं. आवाज बनवणाऱ्या थराला चित्र दिसत नाही. ओठ रेखणाऱ्या थराला मजकूर माहीत नसतो.

पहिली ठेच मजकुरापाशीच लागली. वाचन करणारं यंत्र आधी मजकूर ‘उच्चारायच्या रूपात’ आणतं, मग त्या उच्चारांवरून आवाजाचा एक नकाशा काढतं. दर सेकंदाच्या सुमारे ऐंशीव्या-शंभराव्या भागात कोणत्या पट्टीतला आवाज किती जोरात, हे तो नकाशा सांगतो. बहुतेक ठिकाणी अशा ८० पट्ट्या असतात. नकाशावरून प्रत्यक्ष ऐकू येणारा आवाज घडवणारा भाग वेगळा. अलीकडे हा शेवटचा भाग इतका सुधारला आहे की कानाला खरखर जाणवत नाही. चुका होतात त्या आधीच्या पायरीवर. आमच्या मजकुरात १९:१९:१९ हे विद्राव्य खत होतं. यंत्राने ती वेळ समजून ‘एकोणीस वाजून एकोणीस मिनिटं’ असं वाचलं. ‘२.५ मिली’चं ‘दोन पूर्णांक पाच’ झालं. बागेत उभा असलेला शेतकरी ‘अडीच’ म्हणतो. यावरचा उपाय सोपा आहे: मजकुरात आकडे ठेवायचेच नाहीत, तोंडाने जसं म्हणतो तसं अक्षरात लिहून द्यायचं.

‘च’चं दुखणं मात्र असं सहज सुटत नाही. मराठीत एकाच अक्षराचे दोन उच्चार आहेत. ‘चार’मधला च टाळूचा, ‘चारा’मधला दातांकडचा. लिपी हा फरक दाखवत नाही. आपण तो आईच्या मांडीवर शिकतो. आमच्या चौदा अक्षरांच्या वाक्यात दोन्ही आहेत: ‘झाडाच्या’तला च टाळूचा, कारण त्याला य जोडलेला आहे, आणि ‘साचू’तला दातांकडचा. वर ‘झाड’चा झ हाही दातांकडचा. ज्या यंत्राने हिंदी भरपूर आणि मराठी थोडी ऐकली आहे, ते तिन्ही ठिकाणी एकच टाळूचा उच्चार करतं. ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, पण बोलणारा आपल्यातला नाही हेही त्याच क्षणी कळतं. शेवटच्या अनुस्वाराचंही तसंच. ‘पाणी घातलं’ यातला अनुस्वार फक्त शेवटचा अ लांबवण्याची खूण आहे, तो नाकातून येत नाही. परक्या सवयीचं यंत्र त्याचं ‘घातलम्’ करतं. मराठीसाठी मुद्दाम मराठी आवाज जमवून केलेली यंत्रं पुष्कळ बरी असतात. मद्रासच्या आयआयटीतल्या ‘एआयफॉरभारत’ या गटाने भारतीय भाषांसाठी असं काम केलं आहे आणि त्यात मराठी आहे. तरी मी चारा, चाळ, जमीन, झरा, पाच अशा शब्दांची एक यादी जवळ ठेवतो आणि कुठलाही नवा आवाज घेण्याआधी ती त्याच्याकडून वाचून घेतो. पाच मिनिटांत त्याची पारख होते.

नंतर आवाजाची नक्कल. जानेवारी २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी अवघ्या तीन सेकंदांच्या नमुन्यावरून एखाद्याच्या आवाजात बोलणारं यंत्र मांडलं. तेव्हापासून हे काम किती सोपं झालं आहे याची लोकांना कल्पना आली. यंत्र नमुना ऐकून त्या आवाजाची ओळख आकड्यांच्या एका ओळीत बांधतं आणि नवा मजकूर वाचताना ती ओळ सोबत धरतं. तीन सेकंदांत सापडतो तो आवाजाचा पोत. माणूस कुठे थांबतो, कुठल्या शब्दावर जोर देतो, काळजीने बोलताना त्याचा वेग कसा उतरतो, हे त्यात सापडत नाही. आम्ही सरांची रीतसर लेखी परवानगी घेतली होती. नक्कल ऐकवली तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘आवाज माझा आहे, पण मी असा बोलत नाही.’ नमुना हिंदीतला होता, म्हणून मराठी वाक्यांनाही हिंदीची चाल लागली होती. नमुन्यात बागेतला वारा होता, तो वाराही आवाजात मुरला होता.

परवानगीचा उल्लेख मुद्दाम केला. जुलै २०२४मध्ये गायक अरिजित सिंह यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात त्यांच्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल परवानगीशिवाय वापरायला मनाई केली. आवाज ही त्या माणसाचीच गोष्ट आहे, आणि परवानगीची सही घेतल्याशिवाय मी हा थर चढवत नाही.

आता ओठ. या कामातलं सगळ्यांत प्रसिद्ध यंत्र आपल्याकडचंच आहे. हैदराबादच्या ट्रिपल आयटीतल्या संशोधकांनी २०२०मध्ये ‘वेव्ह टू लिप’ मांडलं. त्याची रीत अशी. चित्रातला चेहरा कापून घ्यायचा, त्याचा खालचा अर्धा भाग झाकायचा, आणि आवाजाचा नकाशा बघून तो भाग नव्याने रेखायचा. रेखलेलं जुळलं की नाही हे तपासायला एक वेगळा परीक्षक. तो सलग पाच चित्रं आणि त्यांच्या जोडीचा साधारण पंचमांश सेकंदाचा आवाज एकत्र ठेवून बघतो. आधीच्या यंत्रांचे परीक्षक कच्चे होते, म्हणून ओठ नुसते फडफडायचे. इथला परीक्षक आधीच पक्का शिकवलेला आहे, आणि या यंत्राचं यश त्यातच आहे.

पण ते चेहरा ९६ बाय ९६ ठिपक्यांत रेखतं. जवळून घेतलेल्या आजच्या चित्रात चेहरा चारशे-पाचशे ठिपके रुंद असतो. तिथे हा छोटा तुकडा ताणून बसवला की डोळे लख्ख आणि तोंड धूसर दिसतं. सरांच्या मिशांचे केस बोलताना एकमेकांत विरघळत होते, दात एका चित्रात वेगळे तर पुढच्यात एकच पांढरी पट्टी. नंतरच्या यंत्रांनी ठिपके वाढवले आहेत, चेहरा स्वच्छ करणारा आणखी एक थरही चढवता येतो, पण तो थर कधी कधी माणसाला न शोभणारे दात देतो. सरांनी घाम पुसायला हात तोंडासमोर नेला, तिथे बोटांवरच ओठ उमटले. मान वळवून झाडाकडे बघत बोलले, तिथे जबडा सरकला. असे तुकडे मी ओठांना हात न लावता ठेवतो आणि त्यावर बागेचं दुसरं दृश्य टाकतो.

हे इतकं जपायचं कारण कानाच्या स्वभावात आहे. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी १९७६मध्ये दाखवलं की कानावर ‘बा’ पडत असताना डोळ्यांसमोर ‘गा’ म्हणणारे ओठ असतील तर बहुतेकांना ‘दा’ ऐकू येतं. आपण ओठही ऐकत असतो. त्यामुळे चुकीचे ओठ चांगल्या आवाजालाही बिघडवतात.

आमच्या वाक्यात ओठ कुठे मिटतात ते मोजून बघा. हिंदीत पाच वेळा: पौधे, पास, पानी, मत, जमने. मराठीत फक्त दोनदा: मुळाशी आणि पाणी. म्हणजे यंत्राला चार ठिकाणचे मिटलेले ओठ उघडायचे होते, एके ठिकाणी नव्याने मिटवायचे होते, आणि फक्त ‘पाणी’ आपोआप जुळत होतं. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ पूर्ण मिटले पाहिजेत. सेकंदाला पंचवीस चित्रं धरली तर तेवढं मिटणं दोन-तीन चित्रांचंच असतं. यंत्र तिथे घाईत ओठ अर्धवट जवळ आणून सोडून देतं. बनावट चित्रफीत ओळखायला मी हीच खूण आधी बघतो: वेग कमी करायचा आणि प्रत्येक ‘म’वर थांबायचं. जानेवारी २०२४मध्ये सचिन तेंडुलकर यांची एका गेमिंग ॲपची जाहिरात करणारी बनावट फीत फिरली आणि ती खोटी असल्याचं त्यांना स्वतः सांगावं लागलं. अशा फितींत खरी जुनी मुलाखत घेऊन फक्त आवाज आणि ओठ बदललेले असतात. कपडे, डोळे, खोली सगळं खरं असतं, म्हणून नजर तोंडावरच ठेवावी लागते. ओठ नीट मिटले म्हणजे फीत खरी, असं मात्र समजू नये. चांगली यंत्रं आता हे सांभाळू लागली आहेत.

आणि आमच्या फितीत तर ओठ बऱ्यापैकी जुळले होते. चुकत होतं ते बोट. ‘मत’ हे हिंदी वाक्यातलं नववं अक्षर. ‘नका’ मराठीत शेवटी, तेरावं-चौदावं. सरांच्या वेगाने हे अंतर पाऊण सेकंदाहून थोडं जास्त भरतं. बोट ‘मत’साठी उठत होतं, भुवया तिथेच चढत होत्या, आणि मराठी आवाज तेव्हा शांतपणे ‘साचू’ म्हणत होता. ‘नका’ येईपर्यंत हात खाली आलेला. कुठलाही थर हे सुधारू शकत नव्हता, कारण आवाज करणाऱ्याला बोट दिसत नव्हतं आणि ओठ करणाऱ्याला तोंडापलीकडचं काही हलवायची मुभा नव्हती.

शेवटी आम्ही सोलापूरकडच्या एका डबिंग करणाऱ्या ताईंना बोलावलं. सूचना देणारा आवाज बाईचा ठेवायचा आणि सरांचे ओठ फक्त दूरच्या दृश्यांत दाखवायचे, असं ठरलं. ताईंनी फीत दोनदा बघितली, ‘मत’पाशी थांबवली आणि म्हणाल्या, ‘इथं बोट आहे ना, मग इथं शब्द द्या की.’ आणि वाचलं, ‘झाडाच्या मुळाशी पाणी अजिबात साचू देऊ नका.’ तीन अक्षरं वाढली, ती त्यांनी शेवटचं ‘देऊ नका’ जरा भरभर म्हणून भरून काढली. ‘अजिबात’ नवव्या अक्षराला सुरू झालं, आणि बोट बरोबर त्याच्यावर उठलं.